टोपी सावलीत

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. आंधळगावात धुरपताबाईच्या घरात, दारापासून पाच हात आत, तेजराम उकिडवा बसून एका पुठ्ठ्यातून अंगणाकडे पाहत होता. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकेचा. मधोमध कापलेली आडवी खिडकी, आणि खिडकीत काळ्या दोऱ्याचे दोन उभे, दोन आडवे धागे ताणलेले. कॅमेरा मांडीवर झाकण लावून होता. सन १९८३चा मे महिना होता आणि ऊन अजून अंगणात तिरपं पडत होतं. तासाभरात ते वर चढून सपाट होणार आणि मग काम संपणार, हे घरातल्या सगळ्यांना त्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"ती लाल बालटी काढ," तो आतून म्हणाला.

"बालटी काढली तर पानी कायच्यात ठेवू, तुमच्या टोपलीत?" बाहेरून पुष्पाबाई म्हणाली. पुष्पाबाई म्हणजे तेजरामची बायको. स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवून लोकांच्या गालावरचे देवीचे वण बुजवायचं काम तिच्याकडे होतं. तिनं बालटी उचलली, मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, सायकल गोठ्यामागं नेली आणि खाट उभी करून शेजारच्या आवारात टेकवली. मागं नुसती शेणामातीनं सारवलेली भिंत उरली.

"घर रिकामं करून राहिले का फोटो काढून राहिले?" धुरपताबाईनं विचारलं. ती चाळिशीची, दोन एकर धानाची मालकीण, तोंडानं फटकळ. जरीकाठी लुगडं नेसून ती सकाळी तयार होती. पुष्पाबाईनं तिला पुन्हा आत पाठवून रोजचं निळं नेसायला लावलं होतं आणि तो राग अजून गेला नव्हता. "लोकं म्हनतीन, धुरपतीच्या घरी काहीच नाही."

"लोकं तुमच्याकडं पायतीन, बाई. आता पाहाले दुसरं काही ठेवलंच नाही," पुष्पाबाई म्हणाली.

तेजरामनं पुठ्ठा दोन बोटं उजवीकडं सरकवला. वरचा आडवा धागा आणि उजवा उभा धागा जिथं एकमेकांना छेदत होते तिथं धुरपताबाईचं तोंड आलं. डावीकडं दोन भाग भिंत मोकळी. तिची नजर त्या मोकळ्या भिंतीकडं. त्याला हवं होतं ते एवढंच.

हे त्याला आधी का सुचलं नाही, याचं उत्तर त्याच्या धंद्यात होतं.

आंधळगावच्या मुख्य रस्त्यावर तेजरामचा स्टुडिओ १९७१पासून होता. भंडाऱ्याला एका फोटोग्राफरच्या हाताखाली चार वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि एक लाकडी खुर्ची एवढं त्याचं भांडवल. गावाची फोटोबाबतची मतं ठाम होती. माणूस मधोमध पाहिजे. डोक्यापासून पायापर्यंत पाहिजे, कारण पाय कापलेला फोटो अशुभ. नजर समोर पाहिजे. दोन्ही कान दिसले पाहिजेत. चंद्रभागाबाई नावाच्या बाईनं एकदा नातवाचा फोटो परत आणला होता, एक कान कमी आहे म्हणून. तेजरामनं कान दाखवणारा दुसरा काढून दिला आणि बारा वर्षं तसेच काढत राहिला. कुठं काही जास्तीचं आलंच, तर डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद सरकवून ते बाहेर काढता येई. चूक झाकायला जागा होती.

भंडाऱ्याच्या उस्तादानं त्याला सुरुवातीलाच दोऱ्यांचा पुठ्ठा बनवायला लावला होता. "माणूस बीचमें मत गाड, खंबा है क्या? तीन हिस्से कर, एक हिस्से पे खडा कर, बाकी जगह उसको सांस लेने दे," असं तो म्हणे. तेजरामनं पुठ्ठा बनवला, हसला, आणि पेटीच्या तळाशी टाकला. आंधळगावात कुणी श्वास घ्यायला फोटो काढत नव्हतं.

मग यंदाच्या मार्चमध्ये शेतकरी संघाचे अध्यक्ष पुंडलिकराव स्टुडिओत आले. संघाला धानाच्या शेतीवर स्लाइडच्या गोष्टी करायच्या होत्या. प्रत्येक गोष्ट एका माणसाची, आणि तो माणूस करतो ते पाहून गावानं करायचं. पहिली गोष्ट मिठाच्या पाण्याची. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगलेलं पोचट काढून फेकायचं, तळाशी बसलेलं धुऊन सावलीत वाळवायचं आणि तेच पेरायचं. पात्र म्हणून धुरपताबाई, कारण तिनं मागच्या साली खरंच तसं केलं होतं आणि तिचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, गावात उजवे निघाले होते.

तेजरामनं एप्रिलमध्ये पहिला रोल काढला. मन लावून, बारा वर्षांच्या सवयीनं. प्रत्येक चौकटीत धुरपताबाई मधोमध, नखशिखांत, कॅमेऱ्याकडं पाहणारी. तिच्या उजव्या बाजूला पुंडलिकराव, पांढऱ्याशुभ्र टोपीत. मागं शेजारीपाजारी, कारण त्यांना हाकलणं बरं दिसत नव्हतं. पुढं कोंबड्यांचं डालगं, ते तसंच राहून गेलं. रोल धुवायला मुंबईला गेला, पंधरा दिवसांनी परत आला, आणि शाळेच्या भिंतीवर धोतर ताणून दाखवला गेला.

तेजराम प्रोजेक्टरजवळ उभा होता. पहिलीच चौकट पडली आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, तो तुलारामचा बैल होय का?"

तो बैल होता. मागं कोपऱ्यात, पांढरा, उन्हात. मग तो मेला का विकला यावर दहा मिनिटं बोलणं झालं. पुढच्या चौकटीत डोमाची सायकल सापडली. त्याच्या पुढच्या चौकटीत, डालग्यात कोंबड्या किती यावर मागच्या रांगेत पैज लागली. संघाचे कारकून आनंदराव माइकवरून मिठाचं प्रमाण सांगत होते आणि लोक पडद्यावर आपापले नातेवाईक शोधत होते. धुरपताबाई प्रत्येक चौकटीच्या बरोबर मध्यभागी उभी होती आणि तिच्याकडं कुणीच पाहत नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसली होती. खेळ संपल्यावर ती तेजरामला म्हणाली, "मले कायले बोलावलं होतं, भाऊ? बैलालेच मीठ कालवाले लावाचं."

पुंडलिकरावांचं म्हणणं थोडक्यात होतं. पेरणीला महिना आहे. आणखी एकदा काढा. या खेपेलाही लोकांना बैलच दिसला, तर उरलेल्या पाच गोष्टी नागपूरचा फोटोग्राफर काढेल.

त्या रात्री तेजराम जेवला नाही, असं काही नाही. तो व्यवस्थित जेवला. पण जेवताना त्यानं पुष्पाबाईला विचारलं, की मधोमध उभी असलेली बाई लोकांना दिसत कशी नाही.

"डोळा आंधी उजेडाकडं जाते," ती म्हणाली. "मी निगेटिव्ह घासतो तर मले मालूम हाये. कानातला डूल चमकला का लोकं डूल पायतात, तोंड नाही. तुमी बैल चमकवला."

"बैल मी कोठी चमकवला? तो पांढराच होता."

"मंग त्याले आत काहून घेतला?"

नेहमीच्या फोटोत बैल आत आला असता, तर त्यानं एन्लार्जरखाली तो बाहेर काढला असता. स्लाइडला तो उपाय नव्हता. कॅमेऱ्यात जे घेतलं तेच, तेवढंच, भिंतीवर दहा फुटांचं होऊन पडायचं. उपाय बटण दाबायच्या आधीच करायचा होता. त्यानं पेटी उपसली. उस्तादाचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता, म्हणून त्यानं लग्नपत्रिका कापली आणि पुष्पाबाईनं दोरे ताणून दिले.

त्या दोघांना खरं म्हणजे काय हवं होतं, ते दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. पाच गोष्टी म्हणजे सबंध हंगाम होता, हे तर होतंच. पण बारा वर्षांत तेजरामचा एकही फोटो कुणी कान मोजण्यापलीकडं पाहिला नव्हता.

आठवडाभर तो पुठ्ठा घेऊन गावात फिरला. लोकांना वाटलं डोळे बिघडले. पुठ्ठ्यातून त्याला तीन गोष्टी कळल्या आणि तिन्ही त्याच्या सवयीच्या उलट्या होत्या. माणूस बाजूच्या धाग्यावर गेला, की लगेच जिवंत वाटतो, जणू काही तो आता कुठंतरी जाणार आहे. त्याच्या नजरेपुढं जागा मोकळी सोडली, की पाहणारा त्या जागेतून फिरून परत त्याच्याचकडं येतो, कारण मध्ये थांबायला दुसरं काही नसतं. आणि अगदी जवळ काहीतरी अंधुक, काळपट धरलं, दाराची चौकट, डहाळी, कुणाचा खांदा, तर डोळा ते ओलांडून पलीकडं जातो, खिडकीतून वाकून पाहिल्यासारखा.

तिसऱ्या गोष्टीत एक खोच होती आणि ती त्याला डालग्यानं शिकवली. कॅमेऱ्यातून पाहताना भिंग पुरतं उघडं असतं, त्यामुळं पुढची वस्तू आपोआप धूसर दिसते. पण ग्रुप फोटोच्या सवयीनं त्यानं भिंगाच्या छिद्राचा आकडा अकरावर ठेवला होता, आणि बटण दाबताना ते छिद्र आवळलं जाऊन डालग्याची काडी न् काडी स्लाइडवर आली होती. या खेपेला चारवर, मोठ्या छिद्रानं, काढायचं, आणि आधी छोटी कळ दाबून खरंच काय दिसणार ते बघून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

पहिल्या दिवशी बोडीवरचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यावरचं, काम झालं. बोडी मे महिन्यात जवळजवळ कोरडी. धुरपताबाईचे पऱ्हे दोन सालांआधी विरळ उगवले होते, त्या आठवणीची ती चौकट. तेजरामनं तिला खालच्या धाग्यावर, डाव्या कोपऱ्याजवळ, वीतभर उंचीची ठेवली आणि वर सगळं आभाळ. पुंडलिकराव छत्री घेऊन उभे होते.

"तेजराम, अर्धी फिलिम रिकामी चालली ना."

"रिकामी नाही, भाऊ. ते तिचं आहे."

"आभाळ धुरपतीचं?"

"तेवढ्यापुरतं."

जाताना पुंडलिकरावांनी सांगितलं, की उद्याच्या मुख्य चौकटीत, मीठ कालवायच्या, ते स्वतः असणार. संघाचा कार्यक्रम आणि संघाचा अध्यक्ष नाही, हे बरं दिसत नाही.

आता सहा पन्नास झाले होते आणि ते आले. धुतलेलं धोतर, कोट, आणि टोपी. टोपी इतकी पांढरी होती, की पुष्पाबाईनं अंगणातूनच नवऱ्याकडं पाहिलं. दोघांनाही बैल आठवला.

"भाऊ, एक विनंती," तेजराम म्हणाला. "टोपी काढता का?"

"टोपी?"

"एका फोटोपुरती."

"माह्या बापाचा फोटो टोपीत हाये. आज्याचा हाये. मेल्यावर भिंतीवर लागीन तो टोपीतच लागीन. तू मले बोडका बसवतो?"

धुरपताबाई मीठ घेऊन वाट पाहत होती. "लवकर करा, बापा. मीठ पघळून राहिलं."

तेजरामनं त्यांना अंगणात उभं करून पाहिलं. पुठ्ठ्यात नजर थेट टोपीवर गेली. भिंतीच्या कडेला उभं केलं, तरी टोपीवरच. बाईपासून दूर नेलं, तर मोकळी भिंत गेली आणि टोपी राहिली. ऊन बोटभर वर सरकलं. नाही म्हणावं तर पाच गोष्टी गेल्या, हो म्हणावं तरी गेल्याच.

तो घरात आला आणि होता तिथंच उकिडवा बसला. आत अंधार होता, बाहेर ऊन. दाराच्या दोन्ही बाजू काळ्या दिसत होत्या. त्यानं मीटरवर उन्हाच्या उजेडाचं माप घेतलं, मग आतल्या भिंतीचं. आतल्या भिंतीवर चुना होता, पण उन्हाच्या मापानं काढली तर ती काळपट येणार, इतका फरक होता. चुना काळवंडतो, तर टोपीही काळवंडेल.

"भाऊ," त्यानं हाक दिली. "आत या. टोपी राहू द्या."

पुंडलिकराव आत आले. तेजरामनं त्यांना कॅमेऱ्यापुढं हातभर अंतरावर, डावीकडं, पाटावर बसवलं. तोंड दाराकडं.

"मी तं बाहेर पाहून राहिलो."

"धुरपताबाईकडं पाहा. ती करते ते बरोबर करते का नाही, ते तुमी तपासून राहिले."

"फोटोत मी येतो ना?"

"सगळ्यात समोर तुमीच आहा."

हे खरं होतं. तेजरामनं त्यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही. पुष्पाबाई बाहेर पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

त्यानं कॅमेरा उचलला, भिंग चारवर ठेवलं, धुरपताबाईच्या डोळ्यावर नेम साधला आणि छोटी कळ दाबून पाहिलं. डाव्या तिसऱ्या भागात एक मऊ काळा खांदा, वर राखी रंगाची टोपी, कडा विरघळलेल्या. मग दाराची काळी चौकट. मग ऊन. मग उजव्या धाग्यावर निळ्या लुगड्यातली बाई, पितळी गुंडातल्या मिठाच्या पाण्यात हात घातलेली, आणि तिच्यापासून त्या खांद्यापर्यंत नुसती सारवलेली भिंत. चमकत होतं ते तिचं मनगट आणि पाणी.

"आता भाऊकडं नका पाहू, बाई. पाण्यातल्या बियान्याकडं पाहा."

"त्याहीच्याकडं कोन पाहून राहिलं," धुरपताबाई म्हणाली आणि खरंच पोचट दाणे ओंजळीनं काढायला लागली. त्यानं बटण दाबलं. चौकट आणखी तीनदा घेतली. सव्वासातला ऊन भिंतीवर सपाट झालं आणि त्यानं झाकण लावलं.

रोल मुंबईला गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आला. तेजरामनं स्लाइडा खिडकीसमोर धरून एकदाच पाहिल्या आणि डब्यात ठेवल्या. पुष्पाबाईनं दोनदा पाहिल्या. ती म्हणाली, "टोपी बुजली," आणि पोळ्या लाटायला गेली. निगेटिव्ह असती तर तिनं ते काम दिवसभर पेन्सिलीनं केलं असतं.

खेळ त्याच शाळेच्या भिंतीवर, त्याच धोतरावर. अंधार पडल्याबरोबर सुरू झाला. पुंडलिकराव खुर्चीवर, घरच्या मंडळींसह. त्यांनी सासुरवाडीकडच्या दोन पाहुण्यांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

पहिली चौकट बोडीची. आभाळ पडलं. कुणी काही बोललं नाही. तेजरामला ती शांतता नापसंतीची वाटली. मग मागच्या रांगेतून एक माणूस हळू म्हणाला, "एकटीच आहे बापा," आणि आनंदरावांनी विरळ पऱ्ह्यांचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा गलका नसल्यानं त्यांना माइक तोंडापासून दूर धरता आला.

मग घराची चौकट आली.

तेजराम पडद्याकडं पाहत नव्हता. तो लोकांच्या माना पाहत होता. माना सगळ्या एका बाजूला, उजवीकडं, वळल्या होत्या.

"मीठ जास्त झालं," जनाबाई म्हणाली. ती सत्तरीची, गावातल्या प्रत्येक पेरणीवर मत असलेली म्हातारी.

"नाही झालं, आजी," पहिल्या रांगेतून धुरपताबाई म्हणाली.

"लय बियानं वर तरंगून राहिलं."

"दहा लिटर पानी हाये. तीनशे गिराम लागते."

"बियानं जळंन."

"मंग धुवाचं कायले सांगून राहिले? दोन पान्यानं धुवाचं. समोर येते, पाय ना."

"अंडं तरंगते तेवढं मीठ पाहिजे," मध्येच टिकाराम नावाचा शेतकरी म्हणाला.

"तुह्या घरी अंडं राहते का तरंगाले?"

लोक हसले, पण मान कुणी फिरवली नाही. आनंदरावांनी माइक खाली ठेवला, कारण ते जे सांगणार होते ते समोर भांडणातून चाललंच होतं. प्रोजेक्टरवर तीच चौकट बराच वेळ राहिली. ती पुढं सरकवायची तेजरामला आठवणच झाली नाही. शेवटी पुष्पाबाईनं कोपरानं ढोसलं.

खेळ संपला. बैल कुणी विचारला नाही, सायकल विचारली नाही. जनाबाई धुरपताबाईला धरून उभी होती आणि उद्या माह्या घरी येऊन दाखव म्हणत होती.

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले आणि प्रोजेक्टरजवळ आले. पाहुणे मागं उभे होते.

"तेजराम. मी कोठी होतो?"

तेजरामनं स्लाइड शोधली आणि पुन्हा लावली. उठून चाललेले लोक थांबले. तो पडद्याजवळ गेला आणि डावीकडच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. "हा खांदा. ही टोपी."

पुंडलिकराव पडद्याजवळ वाकले. "मले वाटलं ते दार होय."

पाहुण्यांपैकी एकाला खोकला आला.

"दाराच्या अलीकडं तुमी आहा, भाऊ. तुमी नसते तर लोक दारातच थांबले असते. तुमच्या खांद्यावरून पाहून आत गेले."

"म्हंजे मी काय, उंबरठा?"

"अध्यक्ष काय राहते मंग?" धुरपताबाई तिकडून म्हणाली. "वरून लोकं जाते."

यावर आधी पाहुणे हसले, मग जनाबाई, आणि मग उपाय नसल्यामुळं पुंडलिकराव. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी उलटसुलट करून पाहिली. गावात तोपर्यंत फार थोड्यांनी त्यांना बोडकं पाहिलं होतं.

"दुसऱ्या गोष्टीत कोन आहे?" त्यांनी विचारलं.

"टिकाराम," आनंदराव म्हणाले. "पऱ्हे टाकाची."

"त्यात मी नाही," पुंडलिकराव म्हणाले. टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली. "ते जमून गेल्यावर बाकी चारचं पाहू. आन् नागपूरवाल्याले आनंदराव कागद लिहून टाकतीन, का येऊ नको."

तेजरामनं प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली, मग दिवा काढून फडक्यात गुंडाळला. पुष्पाबाई धोतराची घडी घालत होती. टिकाराम जवळ आला आणि विचारू लागला, की उद्या काय घालून यायचं, त्याच्याकडं सासऱ्यानं दिलेला पांढरा सदरा होता.

"पांढरा नको," दोघंही एकदम म्हणाले.

सूर्य उद्या साडेपाचच्या सुमारास उगवेल. टिकारामची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, गावाच्या पूर्वेला आहे, तेव्हा तेजराम सहाला तिच्या दक्षिणेकडच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, ऊन उजव्या हाताला घेऊन, पुठ्ठा धरून बसलेला असेल. पुष्पाबाई त्याच्या आधी पोहोचून बांधीतले बैल बाहेर काढील.